४२ हजारांचं बिल, ४० हजार भरले, तरी व्याज २,१९२ रुपये! कोणी समजावून सांगेल का?

बुटीबोरीकर | १४ मे, रात्री ९:४०

मंडळी, डोकं फिरून राहिलं आहे म्हणून लिहितो. तीन वर्षांपासून क्रेडिट कार्ड वापरतो, आजवर प्रत्येक बिल पूर्ण भरलं. बँकेचं नाव लिहीत नाही.

१२ एप्रिलचं बिल ४२,००० होतं. त्यात तीनच खर्च. १६ मार्चला भाचीच्या लग्नासाठी गांधीबागेतून साड्या, २४,०००. २८ मार्चला सीताबर्डीवरून आईबाबांसाठी कूलर, १४,०००. ५ एप्रिलला किराणा आणि इतर सामान, ४,०००. मिनिमम ड्यू २,१०० आणि शेवटची तारीख २ मे.

कूलरमधले दोन हजार धाकटा भाऊ देणार होता. १ तारखेला देतो म्हणाला, दिले नाहीत. मी २ मे रोजी ४०,००० भरले आणि म्हटलं, राहिलेले २,००० पुढच्या बिलात जातील. व्याज लागून लागून किती लागेल? महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ७० रुपये.

परवा १२ मेचं बिल आलं. फायनान्स चार्जेस २,१९२.०५ आणि त्यावर जीएसटी ३९४.५७. दोन हजार बाकी ठेवल्याबद्दल २,५८६ रुपये! सावकार बरा की बाप्पा. मधल्या काळात दोनच वेळा कार्ड वापरलं: २० एप्रिलला ६,००० (गाडीची सर्व्हिसिंग आणि टायर) आणि ३ मेला ३,००० (औषधं).

कस्टमर केअरची मुलगी म्हणते, "सर, सिस्टम जनरेटेड आहे." हा आकडा नेमका येतो कुठून?

---

संत्र्याची_फोड | १४ मे, रात्री १०:०५

भाऊ, तुम्ही शेवटच्या दिवशी भरलं ना? पैसे जमा व्हायला एक दिवस लागला असेल आणि उशीर झाला म्हणून दंड बसला. माझंही असंच झालं होतं. पण ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या आत भरलं तर लेट फी लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो दाखवा, लगेच परत करतील.

---

बुटीबोरीकर | १४ मे, रात्री १०:१२

नाही ताई, लेट फी लागलेलीच नाही. पैसे त्याच दिवशी जमा झाले, मेसेज आहे माझ्याजवळ. ही रक्कम व्याजाचीच आहे.

---

धंतोलीचा_पोट्टा | १४ मे, रात्री १०:३१

मग सरळसरळ बँकेची चूक आहे. मिनिमम भरलं की डिफॉल्ट होत नाही, आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागते. तुमचा ७० चा हिशोब बरोबर आहे. मिनिमम २,१०० होता, तुम्ही ४० हजार भरले, म्हणजे जवळजवळ वीस पट! काहून घाबरून राहिले? ट्विटरवर टॅग करा, दोन तासांत फोन येतो का नाही बघा.

---

खातेवही | १५ मे, सकाळी ६:५०

पोट्ट्या, अर्धं बरोबर बोललास. डिफॉल्ट झाला नाही हे खरं, व्याजाचं मात्र चूक. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी हाताने लेजर लिहिण्यात गेली. त्यामुळे हा आकडा पाहिल्यावर आधी चहा बाजूला ठेवला आणि कागद घेतला. आकडा पैशापर्यंत जुळतो.

बुटीबोरीकर भाऊ, तुम्हाला वाटतं की व्याज २ मेपासून सुरू झालं आणि फक्त दोन हजारांवर. घोळ तिथेच आहे. कार्डावर खरेदी केली की कर्ज त्याच दिवशी सुरू होतं. १६ मार्चला साड्या घेतल्या त्या दिवशी बँकेने दुकानदाराच्या पैशाची जबाबदारी घेतली. तिथून २ मेपर्यंत ४७ दिवस ते पैसे तुम्ही बिनव्याजी वापरता, पण ती सवलत एकाच अटीवर असते: बिलातली पूर्ण रक्कम ड्यू डेटपर्यंत आली पाहिजे. शंभर रुपये कमी पडले तरी अट मोडली. मग बँक मागे जाते आणि प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून दिवस मोजते.

आता आमची जुनी पद्धत सांगतो. लेजरमध्ये आम्ही रक्कम गुणिले दिवस असा एक आकडा काढायचो, त्याला प्रॉडक्ट म्हणायचो. सगळ्या प्रॉडक्टची बेरीज करायची आणि व्याज शेवटी एकदाच लावायचं.

साड्यांचे २४,००० गुणिले ४७ दिवस, म्हणजे ११,२८,०००. कूलरचे १४,००० गुणिले ३५, म्हणजे ४,९०,०००. किराण्याचे ४,००० गुणिले २७, म्हणजे १,०८,०००. हे सगळं २ मेपर्यंतचं. त्या दिवशी तुम्ही ४० हजार भरले, म्हणून पुढे फक्त २,००० उरले आणि १२ मेच्या बिलापर्यंत १० दिवस झाले: २०,०००.

इथे लोक थांबतात, पण अजून एक गोष्ट आहे. जुनी बाकी शिल्लक असताना नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. म्हणून टायरचे ६,००० गुणिले २२ दिवस, १,३२,०००. औषधांचे ३,००० गुणिले ९, म्हणजे २७,०००.

सगळ्यांची बेरीज १९,०५,०००. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १९,०५,००० गुणिले ०.४२, भागिले ३६५. उत्तर २,१९२.०५. तुमच्या बिलावर तेच आहे. त्याचे १८ टक्के जीएसटी म्हणजे ३९४.५७.

तर सिस्टम जनरेटेड आहे हे खरंच, फक्त त्या पोरीला सिस्टम काय जनरेट करते हे कोणी शिकवलं नाही.

---

बुटीबोरीकर | १५ मे, सकाळी ८:१५

काका, हात जोडतो. मी स्वतः कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, तंतोतंत जुळते.

पण राग अजून वाढला. म्हणजे जे ४० हजार मी वेळेत भरले, त्यांच्यावरही व्याज घेतलं? १,९८६ रुपये तर २ मेच्या आधीचेच दिसतात. उरलेल्या दोन हजारांचे खरे व्याज फक्त २३ रुपये!

---

खातेवही | १५ मे, सकाळी ८:४०

हो, बरोबर वाचलंत. २३ रुपये एक पैसा.

---

मेघा_मानेवाडा | १५ मे, दुपारी १:२०

काका, मला इथे शंका आहे. माझ्याकडे दुसऱ्या बँकेचं कार्ड आहे. मागच्या दिवाळीत माझेही साधारण तीन हजार भरायचे राहिले, बिल ३० हजारांचं होतं. मला व्याज लागलं ते दीडशेच्या आसपास. तुमच्या हिशोबाने हजाराच्या वर लागायला हवं होतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, उरलेल्या रकमेवरच लावतो, पण खरेदीच्या तारखेपासून. मग सगळ्या बँका सारखंच करतात असं कसं म्हणायचं?

---

सिव्हिल_लाइन्स | १५ मे, दुपारी २:०५

मेघाताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मी वकिली करतो, ग्राहक मंचात उभा राहतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये निर्देश काढले. त्यांत मार्च २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. तिचा आशय असा की व्याज थकीत रकमेवरच लावावं, आणि ती रक्कम भरणा, रिफंड वगैरे वजा करून धरावी. माझ्या वाचनाप्रमाणे याचा अर्थ मेघाताईंच्या बँकेने घेतला तोच आहे. ४० हजार आले, ते वजा झाले, थकीत राहिले दोन हजार. खरेदीच्या दिवसापासून मोजा हवं तर, पण दोन हजारांवर मोजा.

तसं धरलं तर बुटीबोरीकरांच्या जुन्या बाकीचं व्याज किती होतं? ते दोन हजार किराण्यातले धरले तर ५ एप्रिल ते १२ मे ३७ दिवस, ८५ रुपये. साड्यांतले धरले तर ५७ दिवस, १३१ रुपये. नवीन दोन खरेदींचे १८३ रुपये वेगळे. म्हणजे २,१९२ च्या जागी फार तर ३१४.

बँका यावर म्हणतात की आम्हीही भरणा वजा करतोच, फक्त ज्या दिवशी पैसे आले त्या दिवसापासून करतो. त्यांच्या अटींच्या पुस्तिकेत उदाहरणही तसंच छापलेलं असतं आणि ग्राहकाने ते मान्य केलेलं असतं.

---

खातेवही | १५ मे, दुपारी ४:३०

वकीलसाहेब, हे मान्य. मी आकडा कसा आला ते सांगितलं, तो योग्य आहे असं म्हटलं नाही. २०१८ ला निवृत्त झालो, दुरुस्तीच्या वेळी मी अंगणात कुंड्या भरत होतो.

पण लोकांना एक ताळा देऊन ठेवतो. तुमची बँक कोणत्या पद्धतीची आहे हे विचारायची गरज नाही. बिलावरचं व्याज घ्या, ३६५ ने गुणा आणि वार्षिक दराने भागा. दर ४२ टक्के असेल तर ०.४२ ने. जो आकडा येईल तो रुपये गुणिले दिवस. त्याला उरलेल्या रकमेने भागून पाहा. बुटीबोरीकरांच्या बाबतीत १९,०५,००० भागिले २,००० म्हणजे साडेनऊशे दिवस. दोन हजारांवर साडेनऊशे दिवसांचं व्याज कोणी लावणार नाही, म्हणजे भरलेल्या रकमेवरही लागलंय हे उघड. मेघाताई, तुमचा आकडा काढला तर महिना-दीड महिन्याच्या आसपास येईल.

---

संत्र्याची_फोड | १५ मे, सायंकाळी ६:१०

४२ टक्के व्याज कायदेशीर आहे का पण? ३० टक्क्यांच्या वर नाही घेता येत असं वाचलं होतं.

---

सिव्हिल_लाइन्स | १५ मे, सायंकाळी ६:४५

ते जुनं झालं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज म्हणजे अनुचित व्यापार प्रथा असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. आज ती मर्यादा नाही.

---

तुटका_कप | १५ मे, रात्री ९:००

माझी गोष्ट वेगळी आहे, पण राहवत नाही म्हणून लिहितो. इथे दोन हजारांवर चर्चा चालू आहे, मी लाखावर फसलो होतो.

कोविडच्या आधी माझं छोटं झेरॉक्सचं दुकान होतं. मशीन बिघडलं, कार्डावर खर्च झाला, बिल एक लाखाच्या आसपास गेलं. मिनिमम ड्यू ५,००० दाखवत होता. मी म्हटलं, हप्ता आहे, भरत राहू. दर महिन्याला मिनिमम भरला, एकदाही चुकवला नाही. नवीन खरेदी शून्य, कार्ड कपाटात. मला वाटलं, वीस-एकवीस महिन्यांत संपेल.

वर्ष झालं तेव्हा बाकी पाहिली. ८७-८८ हजार. मी साडेछप्पन हजार भरले होते.

बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी सासऱ्यांनी विचारलं की दुकान चाललंय ना, मग चेहरा असा का? तेव्हा सगळं बाहेर आलं. त्यांनी सोसायटीतून कर्ज काढून दिलं, वर्षाला १२ टक्क्यांनी, आणि कार्ड एकाच दिवसात बंद केलं.

---

धंतोलीचा_पोट्टा | १५ मे, रात्री ९:२५

दादा, वाचून वाईट वाटलं. पण मला समजलं नाही. ५ टक्के भरत होते ना दर महिन्याला? मग मिनिमम ड्यूचा उपयोग काय? मी तर समजत होतो की मिनिमम म्हणजे बँकेचं समाधान, बाकीचं आपल्या सवडीने.

---

खातेवही | १६ मे, सकाळी ६:३०

बँकेचं समाधान होतंच रे, त्याबद्दल वाद नाही.

मिनिमम भरला की तीन गोष्टी टळतात. लेट फी लागत नाही, खातं थकीत म्हणून सिबिलकडे जात नाही आणि कार्ड चालू राहतं. एवढंच. व्याजाशी मिनिममचं काही देणंघेणं नाही. व्याज टाळायचं तर बिलावर जो दुसरा, मोठा आकडा असतो तोच भरावा लागतो. ॲपमध्ये मात्र पैसे भरायला गेलं की दोन्ही आकडे एकाखाली एक, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात. माणसाला वाटतं दोन्ही सारखेच चालतील.

आता कपदादांचा हिशोब. एक लाख बाकीवर महिन्याचं व्याज ३,५०० आणि त्यावर जीएसटी ६३०. म्हणजे ४,१३०. त्यांनी भरले ५,०००. मुद्दलातून गेले फक्त ८७०. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून मिनिममही थोडा कमी, म्हणून मुद्दलातून जाणारी रक्कमही कमी. कर्ज जितकं उतरतं तितका हप्ताही उतरत जातो, त्यामुळे ते कधी संपतच नाही. घराच्या कर्जाचा हप्ता ठरलेला असतो, हा तसा नाही. तो बाकीच्या मागे मागे चालतो.

हल्ली काही बँका ५ टक्के मुद्दल आणि वरून सगळं व्याज, असा मिनिमम काढतात. त्यात कर्ज जरा लवकर उतरतं. कपदादांच्या वेळी तसं नसावं.

आणि कार्डावर एखादी ईएमआय चालू असेल तर तिचा पूर्ण हप्ता मिनिममच्या आकड्यात येतो. म्हणून कधी कधी मिनिमम अचानक मोठा दिसतो.

---

तुटका_कप | १६ मे, सकाळी ७:४५

८७० रुपये. पाच हजारातले. काका, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

बिलाच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं म्हणे की फक्त मिनिमम भरलं तर परतफेड वर्षानुवर्षं लांबेल. मी कधी पान दोनच्या पुढे गेलोच नाही.

---

बुटीबोरीकर | १६ मे, सकाळी ९:१०

आता माझं सांगा. नवीन बिल १३,५८६ रुपयांचं आहे, शेवटची तारीख १ जून. पगार ३० तारखेला होते, तेव्हा पूर्ण भरीन. भावाचे दोन हजारही येतील (देव करो). तेव्हा विषय संपला ना?

शिवाय बँकेचा फोन आला होता, म्हणे हे बिल ईएमआयवर करून घ्या, व्याज कमी लागेल.

---

खातेवही | १६ मे, सकाळी ९:३५

नाही संपत. ३० तारखेची वाट पाहू नका.

बिल १२ मे पर्यंतचं आहे. त्यातले २,००० अधिक ६,००० अधिक ३,०००, म्हणजे ११,००० मुद्दल अजून उभं आहे आणि त्यावर १३ मेपासून रोज व्याज चढतंय. दिवसाला साडेबारा रुपये, जीएसटी धरून पंधरा. बिनव्याजी दिवस मोडलेले आहेत, त्यामुळे १ जून ही तारीख तुमच्यासाठी फक्त लेट फीची. व्याजाच्या हिशोबाने तुमची ड्यू डेट आजच आहे. आज भरा नाहीतर ३० ला भरा, बिल "पूर्ण" भरलं असंच दिसेल, पण ३० ला भरलं तर १२ जूनच्या बिलात सव्वादोनशे रुपये व्याज पुन्हा उगवेल. लोक तेव्हा म्हणतात, सगळं भरलं तरी भूत जात नाही.

पैसे कुठून तरी उभे करा, एफडी मोडायची वेळ नाही, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. आणि भरून होईपर्यंत कार्डाला हात लावू नका. पुढचं बिल शून्य व्याजाचं आलं की मग वापरा.

ईएमआयचं म्हणाल तर तुमच्यासारख्याला नको. त्यात प्रोसेसिंग फी असते, तिच्यावर जीएसटी, व्याजावर जीएसटी. तेरा हजारांसाठी सहा महिने कशाला बांधून घ्यायचं? कपदादांच्या जागी असता तर मीच म्हटलं असतं घ्या म्हणून, कारण ४२ पेक्षा ईएमआयचे १६ टक्के केव्हाही बरे.

---

बुटीबोरीकर | १६ मे, दुपारी १२:५०

भरले. बायकोने तिच्या खात्यातून दिले, वर दोन वाक्यं ऐकवली. मला वाटलं आज सकाळी भरले... थांबा, हे बघा, मेसेज १५ तारखेचाच आहे! रात्री ११:५० ला तिने स्वतःच भरून टाकले होते, मला सकाळी सांगितलं. हा धागा ती पण वाचून राहिली होती.

---

मेघा_मानेवाडा | १६ मे, दुपारी १:१५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. 🙏

---

खातेवही | १६ मे, दुपारी १:३०

घरातला खरा हिशोबनीस कोण ते कळलं. मग १२ मे ते १५ मे तीन दिवस. ११,००० गुणिले ३, म्हणजे ३३,०००. व्याज ३७.९७ आणि जीएसटी ६.८३. पुढच्या बिलात हेच दिसायला हवं. आलं की इथे लिहा.

---

सिव्हिल_लाइन्स | १६ मे, दुपारी ३:००

आणि १,९८६ रुपयांची तक्रार लेखी करा, फोनवर नको. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल टाका. त्यात विचारा की २ मे रोजी जमा झालेल्या ४०,००० वर २ मेपूर्वीचं व्याज कोणत्या कलमाखाली लावलं, आणि खरेदीनिहाय तक्ता द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी नाही. लोकपालाचा रस्ता आधी नाही, बँकेला आधी लिहिल्याचा पुरावा लागतो.

जिंकालच असं सांगत नाही. पण पहिल्यांदाच असं झालेल्या जुन्या ग्राहकाला काही बँका सौजन्य म्हणून व्याज परत करतात. "चूक आहे, परत करा" आणि "सौजन्य म्हणून परत करा" या दोन गोष्टी एकाच ईमेलमध्ये मिसळू नका. आधी पहिली मागा.

---

धंतोलीचा_पोट्टा | १६ मे, दुपारी ३:२०

ट्विटरवर टॅग पण करा.

---

बुटीबोरीकर | १३ जून, रात्री ८:२०

काका, बिल आलं. व्याज ३७.९७ नाही, ४५.५४ आलं. जीएसटी ८.२०. मध्ये कार्ड वापरलं नाही, शपथ. कुठे चुकलं?

तक्रारीचं सांगायचं तर उत्तर आलं आहे. "अटी व शर्तींनुसार आकारणी योग्य आहे." तक्ता दिला नाही. पुन्हा लिहिलं आहे. भावाने दोन हजार दिले.

---

खातेवही | १४ जून, सकाळी ६:४०

चुकलं माझं. ४५.५४ ला उलटं नेलं: ३६५ ने गुणून ०.४२ ने भागलं तर ३९,५७६ येतात. तीन दिवसांनी भागलं की १३,१९२. म्हणजे ११,००० मुद्दल अधिक मागचं व्याज २,१९२.०५. त्यांनी व्याजावर व्याज धरलं. ३९४.५७ चा जीएसटी मात्र त्यात धरला नाही, तो धरला असता तर ४६.९० आलं असतं.

न भरलेले शुल्क आणि कर यांच्यावर व्याज चढवता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे, तेवढं त्यांनी पाळलं. व्याजावर व्याजाचं काय ते वकीलसाहेबांनी सांगावं.

---

सिव्हिल_लाइन्स | १४ जून, सकाळी १०:३०

निर्देशात शुल्क आणि करांची मनाई स्पष्ट आहे. व्याजाचं नाव त्या वाक्यात नाही, आणि बिलावर जो इशारा छापायला सांगितलाय त्यातच चक्रवाढ व्याजाचा उल्लेख आहे. त्यामुळे साडेसात रुपयांसाठी मी भांडणार नाही. १,९८६ चं मात्र सोडू नका, लोकपालाकडे टाका. मसुदा हवा तर व्यक्तिगत निरोप करा.

---

बुटीबोरीकर | १४ जून, सकाळी ११:०५

केला आहे निरोप.

---

संत्र्याची_फोड | १४ जून, दुपारी १२:१५

विषय सोडून विचारते, १४ हजारांत कूलर कोणता आला हो? आणि वाळ्याचे पॅड बसवले की गवताचे? आमचा मेच्या मध्यातच दम तोडून बसला.